पन्नास, साठ आणि अडखळणारं चित्र

चेंडू सीमारेषेकडे निघतो, कॅमेरा त्याच्या मागोमाग वळतो आणि नेमकी त्याच वेळी मैदानाची हिरवळ बारीक बारीक धक्के खात सरकू लागते. चेंडू थांबला की चित्र पुन्हा स्वच्छ, स्थिर. बातम्यांच्या वाहिनीवर निवेदकाचा चेहरा ठीक दिसतो, पण खाली सरकणारी पट्टी ठेचकाळत पुढे जाते. मालिकेतली माणसं बोलत बसली असतील तर काहीच जाणवत नाही. कॅमेरा वाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरला, की खांब थरथरत जातात. व्हिडिओ गेमच्या कन्सोलवरून मालिका, सामने किंवा घरगुती चित्रफिती पाहणाऱ्या अनेकांनी हे पाहिलेलं असतं. गेम खेळणारी मंडळी या दोषाला ‘जडर’ म्हणतात.

पहिला संशय इंटरनेटवर जातो. मग एचडीएमआय केबल बदलली जाते, मग टीव्हीला दोष दिला जातो. पण इंटरनेट मंद असेल तर चित्र कुठेही, कसंही थांबतं, गोल चक्र फिरू लागतं, किंवा चित्राचे चौकोन पडतात. केबल खराब असेल तर पडदा काळा होतो, ठिपके चमकतात. जडरचा धक्का मात्र ठरावीक तालात येतो, फक्त हलत्या दृश्यात दिसतो, आणि त्याच टीव्हीवर, त्याच कन्सोलवर गेम अगदी लोण्यासारखा चालतो. यंत्र कमकुवत असल्याचं हे लक्षण नाही. एका सेकंदात पन्नास की साठ, एवढ्याच प्रश्नावर कन्सोल आणि चित्रफीत यांचं जमत नाही, म्हणून हे घडतं.

साठ लाडू, पंचवीस पाहुणे

व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. आपल्याकडच्या टीव्ही मालिका बहुधा सेकंदाला २५ चित्रांच्या, म्हणजे २५ फ्रेमच्या गतीने तयार होतात. क्रिकेटसारख्या थेट प्रक्षेपणात हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपलेली असते. दुसऱ्या बाजूला टीव्हीचा पडदा सेकंदाला ठरावीक वेळा नवं चित्र दाखवतो. हा त्याचा रिफ्रेश रेट आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. गेमचे कन्सोल टीव्हीला सहसा ६० हर्ट्झचा सिग्नल देतात, कारण बहुतेक गेम ३० किंवा ६० फ्रेमसाठी बनवलेले असतात. ६० ला ३० ने आणि ६० ने पूर्ण भाग जातो. २५ ने आणि ५० ने जात नाही.

पंगतीला पंचवीस पाहुणे बसलेत, ताटात साठ लाडू आहेत आणि लाडू फोडायचा नाही असं ठरलंय. मग कोणाला दोन मिळणार, कोणाला तीन. कन्सोल नेमकं हेच करतो. २५ फ्रेमच्या मालिकेतली प्रत्येक फ्रेम पडद्यावर २.४ वेळा दिसायला हवी. पण अर्धंमुर्धं चित्र दाखवता येत नाही, म्हणून एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा, मग तीन, दोन, दोन अशी वाटणी होते. पाच फ्रेममध्ये बारा वेळा पडदा रंगला, हिशेब जुळला आणि पुन्हा पहिल्यापासून.

एकूण वेळ जुळतो, त्यामुळे आवाज आणि चित्र यांची फारकत होत नाही. बिघडतो तो प्रत्येक फ्रेमचा वाटा. मूळ चित्रणात प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंदांची होती. पडद्यावर आता एक ५० मिलिसेकंद थांबते, दुसरी ३३ मिलिसेकंदांत निघून जाते. स्थिर दृश्यात याने काही बिघडत नाही, कारण सगळ्या फ्रेम सारख्याच असतात. कॅमेरा एकसारख्या वेगाने फिरत असेल तर मात्र डोळा त्या वेगाचा अंदाज घेऊन बुबुळ आपोआप पुढे सरकवत राहतो. चित्र जेव्हा अपेक्षेपेक्षा जास्त वेळ जागीच राहतं, तेव्हा डोळा पुढे गेलेला असतो आणि वस्तू मागे खेचल्यासारखी वाटते. पुढच्या क्षणी ती घाईने पुढे येते. दिसणारी थरथर ती हीच.

बातम्यांची पट्टी जवळून पाहिली तर

५० फ्रेमच्या चित्रणात हा दोष आणखी उघडा पडतो. पडद्याखालची बातम्यांची पट्टी दर फ्रेमला आठ पिक्सेल डावीकडे सरकते असं धरू. सेकंदाला ५० फ्रेम म्हणजे ४०० पिक्सेल. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर एक अक्षर उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत ४.८ सेकंदांत पोचेल.

आता हीच पट्टी ६० हर्ट्झवर पाहा. पन्नास फ्रेममधून साठ जागा भरायच्या, म्हणजे दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवावी लागणार. अक्षराची चाल अशी होते: आठ, आठ, आठ, आठ, आठ, शून्य. पाच पावलं टाकायची, एक श्वास थांबायचं. असे दहा थांबे दर सेकंदाला. पडदा ओलांडेपर्यंत ते अक्षर ४८ वेळा जागच्या जागी थबकतं. इतक्या वेगाने आलेले थांबे वेगळे मोजता येत नाहीत. अक्षराच्या कडा दुहेरी दिसतात आणि वाचताना डोळे शिणतात.

उलट बाजूनेही हेच होतं. कन्सोल ५० हर्ट्झवर ठेवला आणि त्यावर ६० फ्रेमचा व्हिडिओ लावला, तर दर सेकंदाला दहा फ्रेम दाखवायला जागाच उरत नाही, त्या टाकून द्याव्या लागतात. मग वस्तू थांबत नाही, उडी मारते. म्हणून ‘एकदाचा ५० करून टाका’ हा सल्ला अपुरा आहे. तसं केलं तर मालिका सुधारेल आणि गेम बिघडेल.

चित्रपटांची गोष्ट थोडी वेगळी. ते २४ फ्रेमचे असतात आणि ६० हर्ट्झवर तीन-दोन, तीन-दोन अशा वाटणीने दिसतात. हीसुद्धा असमान वाटणीच, पण नियमित. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी टीव्हीवर चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या याच चालीत पाहिले. आपल्याकडे आणि युरोपात टीव्हीवर चित्रपट दाखवताना तो सरळ २५ फ्रेमच्या गतीने पळवत. १५० मिनिटांचा चित्रपट त्यामुळे १४४ मिनिटांत संपे आणि आवाज किंचित चढा लागे, पण चित्र अडखळत नसे.

दोन आकडे आले कुठून

हे भांडण विजेच्या तारांतून आलं आहे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, भारतातली आणि युरोपातली ५० हर्ट्झची. सुरुवातीच्या टीव्ही संचांत विजेच्या लहरींचा परिणाम चित्रावर आडव्या पट्ट्यांच्या रूपाने दिसे. चित्राचा वेग विजेच्या वेगाशी मिळता ठेवला, तर त्या पट्ट्या निदान पडद्यावर वरखाली सरकत नसत. म्हणून त्या त्या देशाने आपल्या विजेचा आकडा टीव्हीसाठी घेतला. भारताने पाल पद्धत स्वीकारली: ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमचे दोन भाग धरून ५० अर्धचित्रं. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेही याच पद्धतीत.

आजच्या एलसीडी किंवा ओएलईडी पडद्याला विजेच्या लहरींशी काही देणंघेणं नाही. तरीही ५० टिकून आहे. एक कारण म्हणजे उभी असलेली सगळी प्रक्षेपण यंत्रणा आणि जुना साठा. दुसरं कारण अजूनही तांत्रिक आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २५ किंवा ५० फ्रेमने चित्रण केलं की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला या चढउतारांचा सारखाच हिस्सा येतो. ६० फ्रेमने केलं तर एक फ्रेम उजळ, एक मंद असं होऊन चित्र लुकलुकतं. म्हणून मंगल कार्यालयातल्या लग्नाचं चित्रण करणारा जाणता छायाचित्रकारही कॅमेरा २५ किंवा ५० वर ठेवतो. त्याचा निर्णय बरोबरच असतो. अडचण येते ती फीत कन्सोलवर लावल्यावर.

एक्सबॉक्स वनने दिलेला धडा

ही अडचण सर्वांत ठळकपणे पुढे आली ती युरोपात. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेबरोबरच ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स अशा देशांत बाजारात आला. दिवाणखान्यातलं सगळं मनोरंजन एकाच यंत्रातून, ही त्याची मोठी जाहिरात होती. त्यासाठी त्याला एचडीएमआयची आत येणारी जागाही दिली होती: सेट-टॉप बॉक्सची केबल कन्सोलमध्ये आणि कन्सोलची केबल टीव्हीत.

ब्रिटनमधला सेट-टॉप बॉक्स ५० हर्ट्झचा सिग्नल देत होता आणि कन्सोल तो ६० हर्ट्झमध्ये ओतून टीव्हीला पाठवत होता. फुटबॉलच्या सामन्यात कॅमेरा फिरला की सेकंदाला दहा धक्के. तोच बॉक्स थेट टीव्हीला जोडला की चित्र मऊ. काही जाणकारांनी कन्सोलच्या आतल्या मेनूतून सगळं आउटपुट ५० वर नेऊन पाहिलं. टीव्ही सुधारला, पण मग ६० साठी बनवलेले गेम अडखळू लागले. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर अपडेटमधून ५० हर्ट्झला परवानगी देणारी सोय आली. खरा उपाय त्यातून स्पष्ट झाला: आउटपुट एका आकड्याला खिळवून ठेवायचं नाही, समोर जे चालू आहे त्याप्रमाणे ते बदलायचं. २०२० मध्ये आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसमधून एचडीएमआयची आत येणारी जागा गेली, पण ५० हर्ट्झची परवानगी राहिली.

उपाय: तिघांनी हो म्हणायला हवं

आजच्या एक्सबॉक्सवर ही सोय अशी सापडते. कंट्रोलरवरचं एक्सबॉक्सचं बटण दाबून Profile & system मध्ये जा, मग Settings, General, TV & display options आणि शेवटी Video modes. तिथे Allow 50Hz आणि Allow 24Hz असे दोन चौकोन आहेत. दोन्हींवर खूण करा. पहिला मालिका आणि सामन्यांसाठी, दुसरा चित्रपटांसाठी. गेमवर याचा परिणाम होत नाही, कारण गेम सुरू असताना आउटपुट ६० वरच राहतं.

खूण करूनही फरक पडला नाही अशी तक्रार बरेच जण करतात. ‘अलाउ’ ही फक्त परवानगी आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. साखळीत तिघे आहेत. कन्सोलने परवानगी दिली पाहिजे. व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपने ‘मला ५० हर्ट्झ हवेत’ अशी मागणी केली पाहिजे. आणि टीव्हीने तो सिग्नल स्वीकारला पाहिजे. तिघांपैकी एकानेही हात वर केले की आउटपुट मुकाट्याने ६० वर राहतं आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नाही.

टीव्हीचं उत्तर तपासणं सोपं आहे. TV & display options मध्येच 4K TV details नावाचं पान असतं; टीव्ही कोणकोणते प्रकार घेतो ते त्यावर दिसतं. भारतात आणि युरोपात विकले जाणारे टीव्ही सहसा ५० आणि ६० दोन्ही घेतात. अमेरिकेत विकले जाणारे काही संच ५० घेत नाहीत. तिकडे राहून मराठी मालिका पाहणाऱ्या कुटुंबांनी हे पान आधी पाहावं. टीव्हीच नकार देत असेल तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

अ‍ॅपचं उत्तर ओळखायचं ते व्हिडिओ सुरू होतानाच्या क्षणावरून. आउटपुट बदलतं तेव्हा टीव्ही आणि कन्सोल यांची नव्याने जुळणी होते आणि पडदा एखाद-दोन सेकंद काळा पडतो. ही बिघाडाची नव्हे, यशाची खूण आहे. मग टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबा. बऱ्याच संचांवर सिग्नलचा आकार आणि हर्ट्झ दोन्ही दिसतात. तिथे ५० दिसलं की काम झालं. ६० च दिसत असेल तर ते अ‍ॅप मागणीच करत नाही. मग दुसरं अ‍ॅप वापरून पाहायचं, नाहीतर कन्सोलचा नाद त्या कामापुरता सोडायचा.

हा शेवटचा पर्याय कमीपणाचा मानू नये. एक उदाहरण घेऊ. लग्नाची चित्रफीत पेन ड्राइव्हवर आली आहे. आधी ती संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडून Tools मधल्या Codec Information मध्ये Frame rate पाहा. तिथे 25 आहे. पेन ड्राइव्ह कन्सोलला लावला, पडदा काळा झाला नाही, टीव्हीची माहिती ६० सांगते आणि वरात ठेचकाळत चालली आहे. तोच पेन ड्राइव्ह टीव्हीच्या स्वतःच्या यूएसबी जागेत लावला, तर मध्ये एचडीएमआय उरतच नाही. पडदा कोणत्या तालात चालवायचा हे टीव्ही स्वतः ठरवतो आणि बहुधा योग्य ठरवतो. ओटीटीच्या बाबतीतही तेच. एखादं अ‍ॅप कन्सोलवर अडखळत असेल, तर टीव्हीत असलेलं तेच अ‍ॅप वापरून पाहावं.

मोबाइलने करायची पारख

टीव्ही हर्ट्झ दाखवत नसेल, किंवा डोळ्यांवर विश्वास नसेल, तर मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा साक्ष देतो. अनेक मोबाइल सेकंदाला २४० फ्रेम टिपतात. कन्सोलवर २५ फ्रेमची फीत लावा, कॅमेरा सावकाश फिरतोय असं दृश्य निवडा आणि पडद्याचं काही सेकंद स्लो मोशन चित्रण करा. मग ते एकेक फ्रेम पुढे सरकवत, पडद्यावरचं चित्र किती फ्रेम बदलत नाही ते मोजा. ६० हर्ट्झचा प्रत्येक ठोका मोबाइलच्या चार फ्रेमचा असतो. म्हणून आउटपुट ६० असेल तर मोजणी १२, ८, १२, ८, ८ अशी खालीवर येईल. आउटपुट ५० असेल तर प्रत्येक चित्र नऊ किंवा दहा फ्रेम टिकेल. बारा-आठचा खेळ आणि नऊ-दहाची एकसारखी चाल यांतला फरक कोणालाही कळतो.

मोजणीत तिसरंच काही आलं तर दोष आउटपुटचा नाही. मिश्र चित्रणात हे हमखास घडतं. लग्नात मुख्य कॅमेरा २५ वर होता आणि पाहुण्यांच्या मोबाइलमधलं ३० फ्रेमचं चित्रणही संकलकाने त्याच फितीत जोडलं. ३० मधून २५ करताना दर सेकंदाला पाच फ्रेम गळाल्या आणि तो धक्का फितीतच कायमचा बसला. आता कन्सोल, टीव्ही, केबल काहीही बदललं तरी तेवढा भाग उडी मारतच दिसणार.

जे उपाय वाटतात, पण नाहीत

नवे कन्सोल १२० हर्ट्झ देतात, म्हणजे प्रश्न मिटला असं वाटतं. १२० ला २४ ने, ३० ने आणि ६० ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे चित्रपटांना त्याचा खरा फायदा होऊ शकतो. पण १२० भागिले ५० म्हणजे पुन्हा २.४, आणि १२० भागिले २५ म्हणजे ४.८. धक्का लहान होतो, जात नाही.

टीव्हीतली हालचाल मऊ करणारी सोय हाही अर्धवट इलाज आहे. टीव्हीच्या हाती पडतो तो आधीच असमान वाटणी झालेला ६० चा सिग्नल. त्यात कोणती फ्रेम पुन्हा आली आहे हे ओळखून मूळ चाल परत उभी करणं बहुतेक संचांना २५ च्या बाबतीत नीट जमत नाही, आणि गेम मोड चालू असेल तर ही सोय सहसा बंदच असते. फाइल २५ वरून ६० फ्रेममध्ये बदलून घेणं तर आणखी वाईट. जो धक्का फक्त पडद्यावर होता, तो आता फाइलमध्येच कोरला जातो.

टीव्ही ५० घेतच नसेल आणि २४ घेत असेल, तर एक मार्ग उरतो: फीत किंचित मंद करून २५ ऐवजी २४ फ्रेमने चालवायची आणि आउटपुट २४ हर्ट्झ ठेवायचं. एका तासाचा भाग साडेबासष्ट मिनिटांचा होतो आणि आवाज दुरुस्त केला नाही तर थोडा खाली उतरतो, पण हालचाल एकसारखी राहते. हे अर्थातच आपल्याकडे असलेल्या फाइलला लागू, ओटीटीला नाही.

तेव्हा नवा टीव्ही, नवी केबल किंवा जास्त वेगाचं इंटरनेट यांवर पैसे घालण्याआधी दोन आकडे पाहा: फीत किती फ्रेमची आहे आणि टीव्हीला सिग्नल किती हर्ट्झचा मिळतोय. दुसऱ्याला पहिल्याने पूर्ण भाग जात नसेल तर दोष तिथेच आहे, आणि बहुतेक घरांत तो Video modes मधल्या एका खुणेने किंवा पेन ड्राइव्ह टीव्हीला लावण्याने सुटतो.